शंभर प्रतींचं फोटोबुक: खर्च काढायचा तर पानं नव्हे, शीट मोजा

स्वतःच्या फोटोंचं पुस्तक काढायचं मनात आलं की माणूस प्रेसमध्ये जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘कलर पानाला किती पडतं?’ उत्तर मिळतं, तो त्याला पानांनी आणि प्रतींनी गुणतो आणि घरी येतो. हा आकडा शेवटच्या बिलाशी जुळणं अवघड असतं, कारण प्रेस पानावर चालत नाही, शीटवर चालते. बांधणीवाला तर दोन्हींवर चालत नाही, तो हाताला किती वेळ लागणार ते पाहतो. छोट्या आवृत्तीचा खर्च या दोन ठिकाणी बसलेला असतो: एका प्रतीला किती शीट लागतात आणि बांधणी कोणती आहे. कागदाच्या जाडीचं ओझं मनावर जेवढं असतं तेवढं ते बिलात दिसत नाही. मात्र जाडीवरून बांधणी ठरते, म्हणून ती नीट निवडावी लागते.

हे सगळं एकाच उदाहरणातून पाहू. समजा सांगलीतल्या एका हौशी फोटोग्राफरला हळदीची पेठ, कृष्णेचे घाट आणि आयर्विन पूल यांच्या फोटोंचं पुस्तक काढायचं आहे. पानं ८०, प्रती १००, सगळी पानं रंगीत. पुढे येणारे दर हे गणित दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

आधी आकार

डिजिटल प्रेसमध्ये सहसा १३ × १९ इंचांची शीट चालते, काही ठिकाणी १२ × १८ ची. शीटच्या कडेपर्यंत छपाई होत नाही. १३ × १९ मध्ये साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंचांची जागा हाती लागते. शिवाय फोटो पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर कटिंगसाठी प्रत्येक बाजूला एक अष्टमांश इंच जास्तीचा फोटो ठेवावा लागतो. प्रेसमध्ये याला ब्लीड म्हणतात.

आता साडेआठ इंचांचं चौकोनी पुस्तक घ्या. ब्लीड धरून एक पान पावणेनऊ इंचांचं झालं. दोन पानं शेजारी ठेवली की साडेसतरा इंच, म्हणजे ती शीटवर आरामात बसतात. एका बाजूला दोन पानं, दोन्ही बाजू मिळून चार. ८० पानांच्या प्रतीला २० शीट लागल्या.

तेच पुस्तक ‘जरा मोठं बरं दिसेल’ म्हणून दहा इंचांचं केलं की दोन पानांना ब्लीडसह साडेवीस इंच लागतात. ती शीटवर बसत नाहीत. एका बाजूला एकच पान येतं आणि प्रतीला ४० शीट लागतात. दीड इंचाच्या हौसेपायी छपाईचा खर्च दुप्पट होतो आणि शीटचा मोठा भाग कटिंगच्या यंत्राखाली रद्दीत जातो. म्हणून आकार ठरवण्याआधी कागदावर शीटचा आयत काढून त्यात पानं मांडून बघा. बाकी सगळी घासाघीस करूनही इथल्याइतके पैसे वाचत नाहीत.

आडव्या ए-४ आकाराचं एक वेगळंच कोडं आहे. दोन आडवी पानं एकाखाली एक ठेवली तर तीही १३ × १९ वर बसतात आणि प्रतीला २० शीटच लागतात. पण ती लांब कडेने जोडलेली असतात, आणि पुस्तकाचा कणा असतो आखूड कडेला. म्हणजे शीटला कण्याच्या जागी घडी घालता येत नाही, पानं सुटीच कापावी लागतात. सुटी पानं घडीत शिवता येत नाहीत, फक्त चिकटवता येतात. शिवलेली बांधणी हवी असेल तर आडवं ए-४ या शीटवर बाद. काही डिजिटल यंत्रांत जास्त लांबीची शीट जाते, तिथे हे जमतं, पण तिचा दर वेगळा असतो.

प्रेसमध्ये १२ × १८ चीच शीट असेल तर आकार आठ इंचांवर आणा. साडेआठ इंच तिथे अगदी काठावर येतं आणि कटिंग जरा सरकलं तरी पांढरी रेघ दिसते.

कागद: जीएसएम म्हणजे किती रुपये

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कागद किलोवर विकला जातो, म्हणून वजन काढता आलं की किंमत काढता येते. कागदाच्या धंद्यात वापरलं जाणारं सूत्र असं:

```
लांबी (इंच) × रुंदी (इंच) × जीएसएम ÷ ३१०० = ५०० शीटचं वजन (किलो)
```

१३ × १९ शीट, १७० जीएसएम: १३ × १९ × १७० ÷ ३१००, म्हणजे ५०० शीटचे सुमारे साडेतेरा किलो. एक शीट २७ ग्रॅमची. आर्ट पेपरचा दर किलोला ११० रुपये धरला तर एक शीट तीन रुपयांची झाली. हाच कागद १३० जीएसएमचा घेतला तर शीट २०.७ ग्रॅमची, म्हणजे सुमारे दोन रुपये तीस पैशांची. फरक सत्तर पैसे. प्रतीला २० शीट, म्हणजे एका पुस्तकामागे चौदा रुपये.

साडेसातशे-आठशे रुपयांना पडणाऱ्या पुस्तकात चौदा रुपये वाचवण्यासाठी पातळ कागद घेण्यात अर्थ नाही. १३० च्या कागदावर मागच्या बाजूचा गडद फोटो पुढच्या पांढऱ्या जागेतून पुसटसा दिसतो. आयर्विन पुलाचा रात्रीचा फोटो आणि त्याच्या पाठीमागे मोकळं पान, अशी जोडी असेल तर तो नक्की जाणवतो. १७० वर ही अडचण जवळपास राहत नाही. प्रेस ग्राहकाला शीटमागे नुसते तीन रुपये लावत नाही. त्यात कापणं, साठवण, त्यांचा नफा धरून आपण पाच रुपये घेऊ.

मग २५० का नको? कारण जाड कागद वळत नाही. पुस्तक उघडलं की पानं पुठ्ठ्यासारखी उभी राहतात, चिकटवलेल्या बांधणीवर ताण येतो आणि शिवलेल्या बांधणीत घडी फुगते. फोटोबुकासाठी १५० ते १७० जीएसएम मॅट आर्ट पेपर हा माझ्या मते योग्य पट्टा आहे. ग्लॉसी कागदावर रंग भडक दिसतात, पण दिव्याखाली पान वाचणाऱ्याच्या तोंडावर चमकतं आणि बोटांचे ठसे उठतात.

कागद खरंच १७० चा आहे का हे पाहणं सोपं आहे. १३ × १९ च्या दहा कोऱ्या शीट किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. २७० ग्रॅमच्या आसपास भरल्या पाहिजेत. २४० भरल्या तर तो दीडशेचा कागद आहे.

जीएसएमइतकीच महत्त्वाची, पण क्वचित कोणी विचारतं अशी गोष्ट म्हणजे ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा. कागद एका दिशेने सहज वळतो, दुसऱ्या दिशेने अडतो. सहज वळणारी घडी कण्याला समांतर यायला हवी. आपल्या पुस्तकात घडी शीटच्या आखूड बाजूला समांतर पडते, म्हणून तंतूही आखूड बाजूने धावणारे हवेत. १३ × १९ चे तयार गठ्ठे बरेचदा लांब बाजूच्या ग्रेनचे असतात. मोठ्या शीटमधून कापून घेतलं तर दिशा निवडता येते. उलट्या ग्रेनमध्ये घडीवर छपाईचा टोनर तडकतो आणि गडद फोटोच्या मधोमध पांढरी, खरबरीत रेघ उमटते. एक छापलेली शीट मागून घ्या, घडी घाला, नखाने दाबा आणि उजेडात बघा. रेघ दिसली तर ग्रेन बदलून मागा. ते शक्य नसेल तर घडीआधी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे घडीच्या रेषेवर यंत्राने दाबून खाच पाडून घ्या, आणि त्याचा दर कोटेशनमध्ये लिहून घ्या.

बांधणी

८० पानांच्या फोटोबुकाला सेंटर पिन चालत नाही. वीस शीट एकात एक घातल्या की १७० च्या कागदाची घडी फुगते, आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगनंतर मधल्या पानांची रुंदी कमी होते. उरतात दोन पर्याय.

पहिला परफेक्ट बाइंडिंग. सुटी पानं कण्याच्या बाजूने घासून गरम गोंदाने कव्हरला चिकटवतात. स्वस्त आणि झटपट. अडचण अशी की गोंद कागदाच्या तंतूंना धरतो आणि आर्ट पेपरवर तंतू लेपाखाली दडलेले असतात. साध्या मॅपलिथो कागदाच्या पुस्तकात जी बांधणी वर्षानुवर्षं टिकते, ती आर्ट पेपरवर काही वाचनांत पान सोडू शकते. पीयूआर गोंद असेल तर पकड खूपच चांगली असते. पण ते यंत्र सगळीकडे नसतं, म्हणून ‘गोंद कोणता, साधा हॉटमेल्ट की पीयूआर?’ हे थेट विचारा. शिवाय कण्यापाशी तीन मिलिमीटर घासण्यात जातात आणि आणखी सेंटिमीटरभर भाग घळीत दडतो. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत माणसाचा चेहरा मधोमध असेल तर तो या घळीत हरवतो.

दुसरा पर्याय शिवलेली बांधणी आणि वर पुठ्ठ्याचं कव्हर. शीटला मधोमध घडी घालतात, दोन शीट एकात एक घालून आठ पानांचा एक फर्मा होतो, असे दहा फर्मे दोऱ्याने शिवतात. पुस्तक बरंच सपाट उघडतं आणि पान सुटत नाही. प्रत्येक फर्म्याच्या मधल्या जोडपानावर फोटो अखंड छापलेला असतो. म्हणजे पान ४-५, १२-१३, २०-२१ अशा जागा. पेठेत हळदीच्या सौद्याचा रुंद फोटो टाकायचा असेल तर तो अशाच जोडपानावर ठेवा. मांडणी करताना ही पानं आधीच खूण करून ठेवावीत.

पुठ्ठ्याच्या कव्हरमध्ये एक अडचण कोटेशनच्या वेळी दिसत नाही, काम सुरू झाल्यावर दिसते. साडेआठ इंचांच्या पुस्तकाचं कव्हर उघडं पसरलं तर दोन पुठ्ठ्यांचे १६.८ इंच, कणा आणि दोन्ही सांधे मिळून एक इंच, आत दुमडायला दोन्ही बाजूंना मिळून १.४ इंच. बेरीज १९.२. छपाईची जागा तर साडेअठराच! आतली पानं आरामात बसणाऱ्या शीटवर त्याच पुस्तकाचं कव्हर बसत नाही.

यावर मला सगळ्यांत आवडणारा उपाय म्हणजे कापडी कणा. कण्यावर आणि पुठ्ठ्यांच्या थोड्या भागावर बाइंडिंगचं कापड, उरलेल्या भागावर छापलेला, मॅट लॅमिनेशन केलेला कागद. पुढचा आणि मागचा तुकडा मिळून एका शीटवर बसतात. गडद विटकरी किंवा हळदी रंगाचं कापड घेतलं तर पुस्तक दिसतंही देखणं, आणि जास्त झिजणारी सांध्याची जागा कापडाची असल्याने ते टिकतंही.

कण्याची जाडी अंदाजाने काढू नका. १७० जीएसएम मॅटचा एक कागद सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ४० कागदांचे ६ मिलिमीटर. शिलाईच्या दोऱ्याने त्यात भर पडते. बांधणीवाल्याकडून त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची एक कोरी प्रत शिवून घ्या. तिला डमी म्हणतात. कव्हरचं माप त्या डमीवरून घ्या.

आता हिशेब

१०० प्रती हव्यात म्हणून १०० छापू नका. बांधणीत घडी चुकते, कटिंगमध्ये एखादा फर्मा जातो, आणि नंतर पाच शीट पुन्हा छापायला गेलं की रंग किंचित वेगळा येतो. १०५ प्रतींचा कागद आणि छपाई धरा. एका बाजूच्या रंगीत छपाईचा दर दहा रुपये, कागद पाच रुपये. म्हणजे दोन्ही बाजू छापलेली शीट २५ रुपयांना.

- आतली पानं: १०५ × २० = २,१०० शीट, २५ रुपयांनी ५२,५०० रुपये
- कव्हरचा कागद, एका बाजूची छपाई आणि मॅट लॅमिनेशन: १०५ × २३ = २,४१५
- पुठ्ठ्याला आतून चिकटणारे कोरे जाड कागद, प्रतीला दोन शीट: १०५ × ८ = ८४०
- घडी, शिलाई, पुठ्ठा, कापड, जोडणी: १०० × १८० = १८,०००
- प्रूफ आणि डमी: १,५००
- पॅकिंग आणि वाहतूक: २,५००

एकूण ७७,७५५ रुपये, जीएसटी सोडून. एक प्रत सुमारे ७७८ रुपयांना.

हेच पुस्तक परफेक्ट बाइंडिंगमध्ये, ३०० जीएसएमच्या कव्हरसह केलं तर कव्हर प्रतीला २७ रुपये आणि बांधणी ३५ रुपये धरून एकूण ६२,८३५ येतात, म्हणजे प्रत ६२८ रुपयांना. दीडशे रुपयांचा हा फरक खरा आहे आणि तो कुठे द्यायचा हे तुम्हीच ठरवायचं. पुस्तक घरात, ग्रंथालयात, पाहुण्यांच्या हातात फिरणार असेल तर मी शिलाईच्या बाजूने आहे. प्रदर्शनात विकायचं असेल आणि किंमत हजारात बसवायची असेल तर पीयूआर गोंदाची बांधणी मान्य करावी.

दहा इंचांचं पुस्तक केलं असतं तर पहिल्याच ओळीत ५२,५०० च्या जागी १,०५,००० आले असते. घडी घालता न आल्यामुळे शिलाईही गेली असती.

प्रती वाढवल्या तर

डिजिटलमध्ये प्रती वाढल्या तरी प्रतीचा दर फारसा उतरत नाही. ५० प्रतींना सुमारे साडेआठशे आणि १०० ला ७७८, एवढाच फरक. ऑफसेटचं गणित उलटं आहे: सुरुवातीलाच मोठा खर्च, मग प्रत्येक प्रत स्वस्त. १९ × २५ च्या शीटवर एका बाजूला चार पानं बसतात. ८० पानांना दहा शीट, म्हणजे वीस बाजू, प्रत्येकीला चार रंगांच्या चार प्लेट, एकूण ८० प्लेट. प्लेट ३५० ची धरली तर २८,०००. वीस बाजूंच्या छपाईचा किमान दर प्रत्येकी १,५०० धरला तर ३०,०००. यंत्र रंगावर येईपर्यंत वाया जाणारा कागद ५,७०० चा. एकही प्रत हाती येण्याआधी ६३,७०० रुपये खर्च. त्यानंतर मात्र प्रतीला फक्त ५७ रुपयांचा कागद.

१०० प्रतींना ऑफसेटची आतली पानं ६९,४०० ला पडतात, डिजिटलची ५२,५०० ला. १५० प्रतींना ऑफसेट ७२,२५०, डिजिटल ७८,७५०. या दरांनी काटा दीडशेच्या थोडा अलीकडे फिरतो. तुमच्या दरांनी तो दोनशेवर किंवा तीनशेवर जाईल, म्हणून ही दोन ओळींची बेरीज स्वतः करून बघा. मात्र ‘तीनशे छापल्या तर स्वस्त’ हे फक्त छपाईपुरतं खरं आहे. बांधणी तीनशे प्रतींचीही जवळजवळ प्रत्येकी १८० नेच द्यावी लागते, म्हणजे ५४,००० रुपये. एक सोय आहे: शंभर प्रती बांधून घ्यायच्या आणि उरलेले छापील कागद कोरड्या जागी, सपाट ठेवून लागतील तसे बांधायचे.

कोटेशन कसं मागायचं

तोंडी विचारलेल्या दराला तोंडीच उत्तर मिळतं. सांगली, कोल्हापूर आणि पुण्यातल्या प्रेसना एकच मजकूर पाठवा, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवून ताडता येतील:

‘नमस्कार. फोटोबुकाचं कोटेशन हवं आहे. कटिंगनंतरचा आकार ८.५ × ८.५ इंच. आतली पानं ८०, सर्व चाररंगी, दोन्ही बाजू, १७० जीएसएम मॅट आर्ट. आठ पानांचे दहा फर्मे, दोऱ्याची शिलाई, पुठ्ठा कव्हर, कापडी कणा, कव्हरच्या कागदाला मॅट लॅमिनेशन. प्रती १००. कृपया शीटचा आकार, एका बाजूच्या छपाईचा दर, कागद, लॅमिनेशन, बांधणी आणि प्रूफ यांचे दर वेगवेगळे लिहावेत. जीएसटी धरून की सोडून तेही लिहावं. ५० आणि १५० प्रतींचाही दर द्यावा.’

दर वेगवेगळे मागण्याचं कारण साधं आहे. एखाद्याची छपाई स्वस्त असते पण शिलाई ते बाहेर देतात आणि त्यावर नफा लावतात. अशा वेळी छापील शीट घेऊन तुम्ही थेट बांधणीवाल्याकडे जाऊ शकता. मात्र मग घडी चुकली किंवा कमी पडली तर जबाबदारी कोणाची, हे आधी बोलून घ्या. शाळा सुरू होण्याआधीचे दिवस वह्यांचे आणि दिवाळीनंतरचे डायऱ्या-कॅलेंडरांचे असतात. त्या काळात शंभर प्रतींचं हातकाम मागे पडतं. पावसाळ्यात खळ वाळायला वेळ लागतो आणि पुठ्ठे वाकतात. जमल्यास जानेवारी ते मार्च धरा.

प्रूफ त्याच कागदावर, त्याच यंत्रावर मागा. हळदीचा पिवळा मोबाइलच्या पडद्यावर जसा पेटलेला दिसतो तसा छपाईत येत नाही. त्यात निळ्याचा अंश राहिला तर तो हिरवट होतो, लालसर झाला तर केशरी. असे तीन-चार अवघड फोटो एकाच शीटवर मांडून छापून घेतले तर तीस-चाळीस रुपयांत आधी कळतं. बांधणीला हिरवा कंदील देण्याआधी पहिली पूर्ण प्रत हातात घ्या, मधोमध उघडा, एक पान दोन बोटांत धरून हलकं ओढा, कव्हर रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी वाकलं का ते पाहा. मगच उरलेल्या नव्व्याण्णव बांधायला सांगा, आणि बांधणीच्या पैशांतले निदान तीस टक्के तोपर्यंत देऊ नका.